पोस्टिंग आधी की पेन्शन? मामा-भाच्यातल्या एका मस्करीचं प्रकरण

पुण्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींशी समुपदेशक म्हणून बोलताना एक गोष्ट मला वारंवार ऐकू येते. गावाकडे लग्न-साखरपुडा असला की जायला नको वाटतं, कारण तिथे कोणीतरी ‘साहेब’ म्हणून हाक मारतं. हाक मारणारा वैरी नसतो. बहुतेक वेळा तो जीव लावणाराच असतो, आणि म्हणूनच त्याला काही सांगता येत नाही. खालचं प्रकरण अशाच एका मामा-भाच्याचं आहे. तीन-चार घरांतले प्रसंग जोडून ते मांडलं आहे आणि कोणाची ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

भाचा एकोणतीस वर्षांचा. २०१८ मध्ये पदवी घेऊन बार्शी तालुक्यातल्या गावातून तो पुण्याला आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, अभ्यासिका, मेस, राज्यसेवेचा क्लास, असं त्याचं आयुष्य. मामा आईचा धाकटा भाऊ, तालुक्याच्या गावी त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. भाचा पुण्याला निघाला तेव्हा क्लासच्या फीसाठी मामाने ऐंशी हजार रुपये दिले होते. कागद नाही, व्याज नाही, कधी परत देणार असा प्रश्नही नाही. नंतर मामाने त्या पैशांचा विषय एकदाही काढला नाही.

भाचा पहिल्यांदा पूर्व परीक्षा पास झाला तेव्हा मामाने दुकानावर पेढे वाटले आणि त्याच दिवशी त्याचं नाव ‘कलेक्टरसाहेब’ पडलं. तेव्हापासून दोघांचा एक ठरलेला खेळ होता. मामा म्हणायचा, “या कलेक्टरसाहेब!” आणि भाचा म्हणायचा, “मामा, हजर झालो की पहिली धाड तुमच्या दुकानावर. लिंकिंगची खतं आत्ताच लपवून ठेवा.” मग मामा हात जोडायचा, मामी हसायची. चार-पाच वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांनाही ते आवडत होतं, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे. नाव अपमानाचं नव्हतं. ते कौतुकातून आलं होतं आणि भाच्याने ते हौसेने घेतलं होतं.

घरात साखरपुडा होता भाच्याच्या चुलतभावाचा. चुलतभाऊ वयाने चार वर्षांनी लहान, पोलीस भरतीतून लागलेला. शेवटची पंगत घरच्या लोकांची होती, वीस-पंचवीस ताटं. मामा बुंदी वाढत वाढत भाच्यासमोर आला आणि थांबला.

“कलेक्टरसाहेब, अजून घ्या. काय ओ साहेब, पोस्टिंग आधी मिळंल का पेन्शन?”

पंगत हसली. वाक्य चांगलंच जमलं होतं, हे मान्य करायला हवं. भाचाही हसला, पण नेहमीचं धाडीचं उत्तर आलं नाही. तो “बास मामा” म्हणाला आणि ताटावर हात आडवा धरला. मामाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने स्वतःच नंतर तसं सांगितलं. पण तो तिथून पुढे सरकला नाही. म्हणाला, “आरं तोंड का पाडतूस? मस्करी केली. आता मस्करीबी सोसंना व्हय साहेबाला?” पुन्हा हशा झाला, थोडा कमी. भाचा पंगत उठेपर्यंत बसून राहिला, मग परसात गेला आणि रात्रीच्या एसटीने पुण्याला परतला. आईला सांगितलं, अभ्यासिकेत काम आहे.

मामाला जे माहीत नव्हतं ते असं. आठ दिवसांपूर्वी मुख्य परीक्षेची यादी लागली होती आणि मुलाखतीसाठी पात्र ठरलेल्यांत भाच्याचं नाव नव्हतं. अंतर तीन गुणांचं होतं. ही गोष्ट फक्त आईला माहीत होती. वडिलांना सांगायचं बाकी होतं. शिवाय त्याने परीक्षा सोडून एका खासगी नोकरीसाठी अर्ज करायला सुरुवात केली होती, आणि हे तर आईलाही माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. बाहेरून बघणाऱ्याला २०१८ पासूनची सहा वर्षं म्हणजे सहा वेळा नापास होणं वाटतं. प्रत्यक्षात राज्यसेवेची पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी एक फेरी पूर्ण व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. त्यात करोनाच्या काळात पूर्व परीक्षा पुढे पुढे जात राहिली. मार्च २०२१ मध्ये ती पुन्हा पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला ती झाली. मुलाच्या डोक्यात हे सगळं कॅलेंडर असतं. मामाच्या डोक्यात फक्त ‘सहा वर्षं’ असतात. ‘पेन्शन’ हा विनोद त्या सहा वर्षांवर बेतलेला होता. मामाच्या लेखी तो सरकारी कामाच्या दिरंगाईवरचा विनोद होता आणि भाच्याने तो स्वतःच्या वयावर ऐकला.

लागलं ते नेमकं कुठे

इथे एक सहज होणारी चूक आहे, आणि मामानेही ती पुढे केली. आपण धरून चालतो की मुलगा नापास झाला, त्यावर मीठ पडलं, म्हणून दुखलं. भाचा माझ्याशी बोलला तेव्हा पहिला अर्धा तास तोही असंच सांगत होता. मग मी विचारलं, “हेच वाक्य काकांनी म्हटलं असतं तर?” तो म्हणाला, “काका तर रोजच बोलतात. त्यांचं काही वाटत नाही.” मग मामांचंच का लागलं? बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “त्यांचे पैसे अडकलेत ना माझ्यात.”

खरी दुखरी जागा ही होती. ऐंशी हजारांचा विषय मामाने सहा वर्षांत काढला नव्हता, पण भाच्याच्या मनातून तो एक दिवसही गेला नव्हता. परीक्षा सोडायची म्हणजे ते पैसे बुडवले असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. अशा वेळी ‘पोस्टिंग कधी’ हे मामाच्या तोंडून आलं की ते ‘माझे पैसे कधी’ असं ऐकू येतं. चारचौघांत विचारलं की ते तगाद्यासारखं होतं. मामाच्या मनात यातलं काहीही नव्हतं, आणि भाच्याला ते पटवून देणं त्या क्षणी कोणालाही शक्य नव्हतं.

मस्करीत काय होतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मस्करीची केलेली व्याख्या मला उपयोगाची वाटते: मुद्दाम काढलेली कुरापत आणि ‘हे खरं धरू नकोस’ असं सांगणाऱ्या खुणा, या दोन्ही मिळून मस्करी होते. खुणा म्हणजे आवाजातला हेल, अतिशयोक्ती, डोळे मिचकावणं, खोटा आदर. मामाच्या वाक्यात या सगळ्या खुणा होत्या. ‘साहेब’, ‘घ्या’, ‘काय ओ’, वाढपी होऊन पुढे वाकणं. त्याच्या बाजूने त्याने कुरापत पुरेशी गुंडाळली होती. पण खुणा वाचायला ऐकणाऱ्याचं मन मोकळं असावं लागतं. जखम ताजी असली की माणूस कुरापत ऐकतो आणि खुणा गळून जातात.

जस्टिन क्रूगर यांच्या २००६ मधल्या अभ्यासाचा निष्कर्ष याला जोडूनच आहे. मस्करी करणाऱ्याला स्वतःचा हेतू आतून दिसत असतो, म्हणून तो समोरच्यालाही दिसतो असं तो धरून चालतो. समोरच्याला मात्र फक्त शब्द दिसतात. त्यामुळे एकच मस्करी करणाऱ्याला निरुपद्रवी वाटते आणि सोसणाऱ्याला बोचरी. ‘अरे, मी गंमत केली’ हे वाक्य इतकं निकामी का ठरतं ते यावरून कळतं. ते हेतूबद्दल बोलतं, आणि समोरच्याची तक्रार हेतूबद्दल नसतेच. मामाने हेतू वाईट ठेवला असं भाच्याने कधीच म्हटलं नाही.

पंगतीतलं ते अर्धं मिनिट

मामाची चूक पहिल्या वाक्यात नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. जे माहीत नाही ते माहीत असायला हवं होतं म्हणणं अन्यायाचं आहे. चूक दुसऱ्या वाक्यात होती, कारण तोपर्यंत मामाला कळलेलं होतं.

कळलं कशावरून? भाच्याचा चेहरा उतरला म्हणून, असं तो सांगतो. पण चेहरा फसवू शकतो, मोठ्यांसमोर मुलं हसतमुख राहतात. त्याहून भरवशाची खूण म्हणजे नेहमीचं उत्तर न येणं. या दोघांच्या मस्करीला दोन टोकं होती: मामाची हाक आणि भाच्याची धाड. त्या दिवशी दुसरं टोक आलंच नाही. ज्याच्याशी आपली मस्करी जुनी आहे, तो रोजचं प्रत्युत्तर देत नाही किंवा लगेच दुसऱ्याच गोष्टीकडे वळतो, तेव्हा तो खेळातून बाहेर पडलेला असतो. ‘बास मामा’ हे बुंदीबद्दल म्हटलेलं होतं, पण ते बुंदीपुरतं नव्हतं.

या वेळी मामाने काय करायला हवं होतं? माझ्या अनुभवात इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण मामासारखं आणखी एक वाक्य टाकून पहिल्याला सावरू बघतात. काही जण तिथेच, सगळ्यांसमोर माफी मागायला लागतात: “अरे सॉरी सॉरी, तुला वाईट वाटलं का, खरंच माझं चुकलं.” दुसरा प्रकार सभ्य वाटतो, पण त्याने वीस लोकांच्या नजरा त्या मुलावर खिळतात आणि ‘काही नाही हो’ म्हणत मामाची समजूत घालायचं काम त्याच्यावरच येऊन पडतं. ज्याला लागलंय त्यालाच दुसऱ्याला धीर द्यायला लावणं हे दुप्पट ओझं आहे.

करायचं काम छोटं होतं. मामाच्या हातात बुंदीचं पातेलं होतं. पुढच्या ताटाशी जायचं आणि पंगतीचं लक्ष दुसरीकडे न्यायचं, शक्यतो स्वतःकडे. “आमच्या सोयऱ्यांनी बुंदी बघा कशी पाडलीय” एवढंही पुरलं असतं. नवीन विनोदासाठी दुसरा बकरा शोधायचा नाही, कारण आत्ताच लागलेल्या मुलाला वाटतं की आपल्यामुळे आता दुसऱ्याला सोसावं लागतंय. आणि पंगत उठल्यावर, हात धुताना, एकट्याला गाठून एकच वाक्य: “मघाशी जास्त बोललो मी. तू निवांत असशील तवा बोलू.” कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की त्या मुलाला निकाल सांगणं भाग पडतं, आणि तो कोणाला कधी सांगायचा हा त्याचा अधिकार आहे.

भाच्याची बाजू त्या अर्ध्या मिनिटात फार अवघड होती. मामा मोठा, पंगत भरलेली, साखरपुडा दुसऱ्याचा. रागावलं तर ‘सहा वर्षं बसून खातोय आणि वर रुबाब’ असं कोणी म्हणेल ही भीती. हसून सोडलं तर स्वतःचीच चीड. अनेक मुलं इथे तिसरंच करतात: स्वतःवर मामापेक्षा मोठा विनोद करतात. “पेन्शनच घेतो मामा, पोस्टिंगचं काय खरं नाही.” याने पंगत सुटते, पण घरच्यांना परवानगी मिळते की हा विषय विनोदाचाच आहे, आणि पुढच्या लग्नात तेच वाक्य दहा जण म्हणतात. भाच्याने हे केलं नाही, ते बरं झालं.

त्याच्याकडे एक वाक्य असायला हवं होतं, आधीपासून तयार, कारण लागलेल्या क्षणी वाक्य सुचत नाही. आम्ही नंतर बसून ते शोधलं. “मामा, आज हा विषय नको.” आवाज नेहमीचा, नातं पहिल्यांदा, ‘आज’ हा शब्द आवर्जून. ‘आज’ म्हटल्याने मामावर ठपका येत नाही आणि कारण द्यावं लागत नाही. एवढं म्हणून लगेच दुसऱ्या कोणाला काहीतरी विचारायचं, म्हणजे उत्तराची वाट बघत बसल्यासारखं होत नाही. काही घरांत हेही उद्धटपणात मोजलं जातं, हे मला माहीत आहे. तिथे ताटावर आडवा हात धरणं आणि पंगत संपेपर्यंत बसून राहणं हेच ठीक. ते भेकडपणाचं नाही. बोलणं नंतरही होऊ शकतं, पण ते व्हायला हवं.

तीन आठवडे आणि दोन फसलेले फोनकॉल

ते बोलणं झालं नाही. बसमध्ये भाच्याने मामाला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज लिहिला, त्यात २०१८ पासूनचं सगळं होतं, आणि तो पाठवला नाही. ते शहाणपणाचं होतं, कारण रात्री अकरा वाजता लिहिलेल्या मजकुरात मामाने न केलेलेही गुन्हे होते. पण त्यानंतर त्याने काहीच पाठवलं नाही. मामाचे ‘गुड मॉर्निंग’ दिसत होते, निळ्या खुणा उमटत होत्या, उत्तर जात नव्हतं.

या शांततेत दोन्हीकडे काय होतं ते बघण्यासारखं आहे. भाच्याच्या मनात पंगत मोठी होत गेली. सगळ्यांनी ऐकलं, सगळे मनात हेच म्हणत होते, मामा फक्त बोलून मोकळा झाला. थॉमस गिलोविच यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं, खोलीतल्या निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच ओळखलं होतं. आपल्या भाच्याच्या बाबतीत मी आईमार्फत चौकशी करायला सांगितली तेव्हा कळलं की पंगतीतल्या बहुतेकांच्या लक्षात राहिलं होतं ते नवरीकडच्या एका काकांचं भाषण. मामाच्या वाक्यानंतर भाच्याचा चेहरा पाहिला होता तो आईने आणि एका मामेबहिणीने. हे कळल्यावर भाच्याचं निम्मं ओझं उतरलं. मात्र ही माहिती त्याच्या कानावर आईकडून जायला हवी. मामाने ‘कुणाचं ध्यानबी नव्हतं’ म्हटलं असतं तर ती स्वतःची सुटका ठरली असती.

मामाच्या बाजूला आधी रुसवा समजणं, मग राग, मग बहिणीला फोन. तिने निकालाचं सांगितलं. मामा हादरला आणि त्याने ताबडतोब फोन लावला. “मला माफ कर रं. मला रिझल्टचं ठाव नव्हतं. ठाव असतं तर बोललोच नसतो.” भाचा म्हणाला, “काही नाही मामा, सोडा.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा माफी, पुन्हा ‘सोडा’. मामाला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं.

का नाही, ते त्या वाक्यातच आहे. ‘ठाव असतं तर बोललोच नसतो’ ही खरी गोष्ट आहे, पण ती बचाव आहे. त्यातून भाच्याला ऐकू आलं की नापास झालेल्याला दया दाखवायची असते, म्हणून मामा फोन करतोय. आणि ‘माफ कर’ ही मागणी आहे, जिचं उत्तर भाच्याने मोठ्या माणसाला ‘सोडा’ म्हणूनच द्यायचं असतं. रॉय लेविकी यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात माफीचे सहा घटक तपासले होते. त्यात सर्वांत वजनदार ठरलं ते ‘चूक माझी’ असं स्वच्छ मान्य करणं, त्यानंतर नुकसान भरून काढायची तयारी. ‘मला क्षमा कर’ ही विनवणी सर्वांत कमी कामाची निघाली. आपल्याकडे माफीची सुरुवात आणि शेवट बहुधा याच विनवणीने होतो.

मार्केट यार्डाजवळचा चहा

तीन आठवड्यांनी मामा कामासाठी पुण्याला आला, मार्केट यार्डात. त्याच्या बहिणीने त्याला एकच सूचना दिली होती: कारण सांगू नकोस, काय बोललास ते सांग. भाच्यालाही मी एक गोष्ट सांगितली होती. मामा विचारतील तर ‘काही नाही’ म्हणू नकोस. एवढं मोठं काही सांगायची गरज नाही, पण ‘काही नाही’ हे खोटं आहे.

अमृततुल्यमध्ये चहा आला तेव्हा मामा म्हणाला, “पोस्टिंग आधी का पेन्शन, असं मी पंगतीत म्हणालो. तुला लागलं ते मला दिसलं. तरीबी वर अजून एक बोललो, मस्करी सोसंना का म्हणून. ते दुसरं बोलायला नको होतं. चूक माझी.” आणि तो गप्प बसला. मामाला ती शांतता फार जड गेली असणार, पण त्याने ती भरली नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम हेच होतं आणि त्याने ते नीट केलं.

भाचा बऱ्याच वेळाने म्हणाला, “मामा, परीक्षेचं नाही वाटलं एवढं. तुमचे ऐंशी हजार आहेत माझ्याकडे. तुम्ही म्हणालात की मला तेच आठवतं.”

मामाला हे पूर्ण नवीन होतं. तो पैसे जवळजवळ विसरला होता. त्याच्या तोंडावर आलेलं वाक्य कोणत्याही मामाच्या येईल: “आरं याड लागलं का, पैशाचं काय घेऊन बसलास! मी काय मागितले का?” त्याने ते म्हटलंसुद्धा. आणि भाच्याचा चेहरा पुन्हा बंद झाला.

हे उदार वाक्य इथे का चालत नाही, यावर मी बराच विचार केला आहे. भाच्याने सहा वर्षं जे ओझं वागवलं ते मामा एका वाक्यात ‘काहीच नव्हतं’ ठरवतो. वर, पैसे माफ झाले तर भाचा कायमचा माफ केलेला माणूस होतो. पुढची प्रत्येक मस्करी मग त्या उपकाराच्या खाली ऐकू येणार. सुदैवाने मामा दुकानदार आहे. उधारीच्या वहीत नाव असलेला शेतकरी आणि ‘राहू द्या’ म्हटलेला शेतकरी दुकानात कसे वेगवेगळे उभे राहतात, हे तो रोज बघतो. थोडं थांबून त्याने विचारलं, “तुला द्यायचेत का?” भाचा म्हणाला, “द्यायचेत.” “कसे देतोस?” नोकरी लागली की महिन्याला दोन हजार, असं ठरलं. म्हणजे चाळीस हप्ते. व्याज नाही. मामाने ‘बरं’ म्हटलं आणि परत वर ‘पण गडबड नाही’ असंही जोडलं नाही. भाच्याने तिथेच, पहिल्यांदा, परीक्षा सोडतोय हे सांगितलं.

प्रत्येक प्रकरणात दुखरी जागा पैशांची नसते. रंग असतो, टक्कल असतं, मूल न होणं असतं, इंग्रजी अडखळणं असतं. पण दरवेळी हे दिसतं की मस्करी करणारा जिथे लागलं समजतो तिथे ते लागलेलं नसतं. म्हणून माफी आपल्या शब्दांपुरती मागायची, समोरच्याच्या दुःखाचा अंदाज बांधून नाही. मामाने ‘तू नापास झालास त्यावर मी बोललो’ अशी माफी मागितली असती तर भाच्याने पैशांचं कधीच सांगितलं नसतं.

नावाचं पुढे काय

दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, ‘साहेब’ हे नाव. भाच्याला मी म्हटलं होतं की मागणं नेमकं ठेव. ‘माझी मस्करी करू नका’ एवढं मोठं मागितलं तर मामा पुढची दोन वर्षं त्याच्याशी पाहुण्यासारखा बोलेल, आणि तेही दुखावणारंच असतं, कारण मग सगळ्यांची चेष्टा चालते आणि याच्याजवळ आवाज उतरतो. भाच्याने मामाला सांगितलं, “साहेब नको. आणि नोकरी-लग्नाचं चारचौघांत नको. बाकी काही म्हणा.” दोन कुंपणं, बाकी रान मोकळं. ते पाळायला सोपं होतं. पुन्हा मस्करी सुरू करण्याची पहिली पाळी भाच्याची ठेवली, आणि तेही मामाने आपणहून ओळखलं. पुढच्या फोनवर भाच्याने मामाच्या काळ्या केलेल्या मिशीचा विषय काढला, तेव्हा मामी म्हणते, मामा दिवसभर खुशीत होता.

दुसरी गोष्ट जास्त किचकट. नाव मामाने ठेवलं होतं, पण वापरत होतं अख्खं घर: मामेभावंडं, काका, गल्लीतली पोरं. भाच्याने एकेकाला सांगत बसणं म्हणजे प्रत्येकाला निकाल सांगणं. नाव ज्याने पसरवलं त्यानेच ते मागे घ्यायला हवं. लग्नाच्या हळदीत एका मामेभावाने “साहेब, इकडं या” म्हटलं, तेव्हा मामा तिथेच होता. तो मामेभावाला म्हणाला, “नावानं हाक मार. ते नाव मी ठिवलं होतं, आता बंद केलंय,” आणि मांडवाच्या कनातीचं काय झालं ते विचारायला लागला. का बंद केलं हे कोणी विचारलं नाही. मामेभावाने नंतर एकदा जुन्या सवयीने म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. एक काका मात्र अजूनही म्हणतात. त्यांना भाच्याने स्वतः, एकट्यात, दोनदा सांगितलं आहे. तिसऱ्या वेळी ते अपघाताने झालं असं मानायचं कारण उरत नाही, आणि त्यांच्या घरचं जेवण भाच्याने टाळलं तर मी त्याला जा म्हणणार नाही.